अर्ध्या तासाची मेंदी

शिंपीणबाईंना त्या सकाळी जाग आली, पण डोळे उघडेनात. आधी त्यांना वाटलं, अजून अंधारच आहे. मग सुनेनं खोलीत येऊन पडदा सरकवला आणि ती जागीच थिजली. सासूच्या पापण्या फुगून एकमेकींवर बसल्या होत्या. कपाळ टम्म सुजलं होतं आणि केसांच्या कडेनं, कानामागं, मानेवर बारीक फोड उठून त्यातून पाणी झरत होतं. बाई एकच गोष्ट विचारत राहिल्या. "माझे डोळे जागेवर आहेत ना गं?"

सुनेनं त्यांना गाडीत घातलं आणि दवाखान्याकडे जाता जाता रस्त्यापलीकडच्या केसांच्या दुकानापाशी गाडी थांबवली. दुकान नुकतंच उघडत होतं. मालकीण फरशी पुसत होती. सुनेनं गाडीचं दार उघडून धरलं आणि शांतपणे म्हणाली, "बघून घ्या, तुमच्या मेंदीनं काय केलंय ते."

मालकिणीला गल्लीत सगळे थोरली म्हणत, कारण दुकान दोघी बहिणींचं होतं. थोरली केस कापायची, रंगवायची, आलेल्या बाईचं ऐकून घ्यायची. धाकटी माल आणायची, बिलं बघायची आणि फोनवरचं सगळं सांभाळायची. समोरच्या शिंपीणबाई थोरलीच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. दुकान सुरू झालं तेव्हा पहिल्या खुर्चीवर त्याच बसल्या होत्या, आणि खुर्चीवरचं कव्हरही त्यांनीच शिवून दिलं होतं. एका हातानं कापड पकडून दुसऱ्या हातानं यंत्राचं चाक थांबवण्याची त्यांची लकब थोरलीला इतकी पाठ होती, की त्या सुजलेल्या चेहऱ्याकडे बघताना ओळख पटायला तिला हातांकडे बघावं लागलं.

हातातलं फडकं तिथंच टाकून थोरली गाडीत बसली.

दवाखान्यात त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी फोड बघितले, पापण्या बोटांनी अलगद उघडून आतले डोळे बघितले आणि डोळे शाबूत असल्याचं सांगितलं. मग त्यांनी काय लावलं होतं ते विचारलं.

"मेंदी," थोरली म्हणाली. "मेंदी आणि नीळ. दोन्ही पानंच. पाकिटावर तसंच लिहिलंय."

"रंग कसा आला?"

"काळाभोर."

"किती वेळ ठेवली होती?"

थोरलीनं उत्तर दिलं, अर्धा तास. आणि ते शब्द तोंडातून बाहेर पडत असतानाच चूक तिच्या लक्षात आली. कारण ही गोष्ट तिला माहीत होती. आयुष्यभर मेंदी कालवणाऱ्या बाईला ही गोष्ट दुसऱ्यानं सांगायची वेळ यावी, याचीच तिला लाज वाटली. खरी मेंदी पांढऱ्या केसावर नारिंगी येते, फार तर तांबूस. काळी ती कधीच होत नाही. निळीनं काळं करायचं तर आधी मेंदी लावून धुवायची, मग वरून नीळ, आणि तो रंगही पुरता मुरायला एखाददुसरा दिवस जातो. दोन्ही एकत्र कालवली तर तपकिरी छटा येते. एकाच लेपात, अर्ध्या तासात काळं करणारं पान अजून कुठल्या झाडाला फुटलेलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी असं झटपट काळं करणाऱ्या रसायनाचं नाव सांगितलं, पीपीडी. केस रंगवायच्या तयार डब्यांमध्ये ते असतंच, पण तिथं ते मापात असतं, डब्यावर तसं छापलेलं असतं आणि आधी कानामागं थेंब लावून बघा अशी सूचना असते. पुडीत मात्र कोणी किती मिसळलं ते देवालाच ठाऊक. मग त्यांनी विचारलं, की हीच मेंदी आधीही लावली होती का.

बाईंनी बंद डोळ्यांनीच सांगितलं, की ही तिसरी खेप. पहिल्यांदा काहीच झालं नाही, उलट सगळ्यांनी वय कमी दिसतं म्हणून कौतुक केलं. दुसऱ्यांदा कानामागं थोडी खाज आली. थोरलीनं तिथं खोबरेल लावून दिलं होतं.

"शरीर पहिल्यांदा ओळख करून घेतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग डूख धरतं. आता हे आयुष्यभर चालायचं नाही तुम्हाला." आणि त्यांनी बाईंचा व्यवसाय विचारला. बाईंनी शिवणकाम म्हणून सांगितलं. मग डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की या रसायनाच्या नात्यातले काही रंग गडद, नायलॉनसारख्या कृत्रिम कापडात वापरतात. काळं, गडद निळं, करडं. सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही, पण असं कापड रोज हाताळताना बोटांना खाज किंवा चट्टे आले, तर ते काम बंद करावं लागेल.

 बाईंच्या दुकानात अर्ध्याहून जास्त काम कोटांच्या अस्तराचं आणि शाळेच्या गडद निळ्या गणवेशांचं असे.

थोरली परत आली ती तळपायाची आग मस्तकात घेऊनच. तिनं शटर आतून अर्ध्यावर ओढलं आणि फळीवरची पाकिटं खाली काढली. पाकिटावर हिरवीगार पानं, पानावर दवाचा थेंब, आणि वर छापलेलं, ‘शंभर टक्के वनस्पती. रसायन नाही म्हणजे नाही.’

हे पाकीट घरचंच होतं, हीच खरी रड होती. धाकटीच्या नवऱ्यानं वर्षभरापूर्वी नोकरी सोडून वनस्पतींच्या पुड्या आणि सुगंधी तेलं बाटल्यांत भरून ऑनलाइन विकायला सुरुवात केली होती. घरात त्याला सगळेच जावईबापू म्हणत. आई कौतुकानं म्हणे, थोरली थट्टेनं. त्याचा धंदा चालावा म्हणून थोरलीनं आपला जुना मेंदीवाला सोडला होता. जुन्याचा माल महाग पडायचा आणि काळाही व्हायचा नाही. घरचं सोडून बाहेर कशाला जायचं, असं आईनं म्हटलं होतं.

फळीच्या कोपऱ्यात जुन्याच्या मेंदीचं अर्धं पाकीट चिमटा लावून ठेवलेलं होतं. थोरलीनं दोन वाट्या घेतल्या. एकीत जुनी, एकीत नवी, दोन्हीत नुसतं कोमट पाणी. आधी वास घेतला. जुनीला ओल्या वाळक्या गवताचा वास होता. नवीला गवताचा वास होता खरा, पण त्याखाली काहीतरी तिखट, नाकात चढणारं होतं, आणि त्यावर कुणीतरी अत्तर शिंपडलं होतं. मग तिनं पांढरा कागद पाण्यात भिजवून दोन्ही पुडींची चिमूट त्यावर भुरभुरली. जुनीचे कण मातकट, पिवळसर होऊन पडून राहिले. नवीच्या प्रत्येक कणाभोवती लगेच गर्द हिरवं वर्तुळ पसरलं, शाईसारखं. पानाला हिरवं दाखवण्यासाठी वरून रंग चढवला होता. एका ग्लासात पाणी घेऊन तिनं नवी पूड ढवळली आणि स्थिर होऊ दिली. तळाशी वाळूचा चक्क थर बसला. बोटानं चोळला तर कचकच वाजला.

कात्रणाच्या डब्यात पांढऱ्या केसांची एक बट होती. तिचे दोन भाग करून तिनं दोन्ही लेपांत एकेक बुडवला. हातमोजे घालायला ती विसरली नाही. अर्ध्या तासानं धुऊन बघितलं, तर जुनीतला केस जेमतेम पिवळट झाला होता आणि नवीतला काळा कुळकुळीत. शेवटी केस रंगवायला लागतं ते पेरॉक्साइड तिनं दोन्ही कोरड्या पुडींवर थेंब थेंब सोडलं. जुनीला थोडा फेस आला, बाकी काही नाही. नवी आधी जांभळट झाली आणि बघता बघता काजळासारखी काळी पडली.

थोरलीला रडू आलं नाही. तिला भांडायचं होतं आणि समोर कोणी नव्हतं.

तेवढ्यात धाकटी आली. तिला बाईंच्या सुनेचा फोन आला होता. तिनं वाट्या बघितल्या, ग्लास बघितला, आणि पहिलं वाक्य तिच्या तोंडून निघालं ते नवऱ्याच्या बाजूचं. बाईंना कशाचीही ॲलर्जी असू शकते, बाईंनी दुसरं काही लावलं असेल, असं ती म्हणत होती. थोरलीनं तिला बोलू दिलं. मग सुगंधी तेलांचा खोका तिच्यापुढं सरकवला.

"ही बाटली गुलाबाची, ही चंदनाची, ही लिंबाची, ही लव्हेंडरची. किंमत वाच."

धाकटीनं वाचली. चारींची सारखीच.

"लिंबाच्या सालीतून तेल पिळून निघतं. गुलाबाच्या चार थेंबांसाठी पोतंभर पाकळ्या लागतात. दोन्ही एकाच भावात कोण देतं गं? माल तू आणतेस. हे तुझ्या लक्षात आलं नाही, की लक्षात आणायचं नव्हतं?"

धाकटीनं मान खाली घातली. थोरलीनं कागदाच्या पट्ट्यांवर लिंबाचा आणि लव्हेंडरचा एकेक थेंब टाकला आणि शेजारी आपल्याकडच्या जुन्या निलगिरीच्या तेलाचा. निलगिरी बघता बघता उडून गेली, कागद कोरडा. बाकीच्या दोन्हींभोवती वडा ठेवल्यासारखा तेलकट डाग उरला, उजेडात आरपार दिसणारा. कुठलंतरी स्वस्त खायचं तेल होतं, त्यात वास घातलेला. चंदन जड असतं, त्याचा डाग खऱ्यालाही राहतो, म्हणून ते थोरलीनं लावून बघितलंच नाही. आणि हेही तिनं धाकटीला सांगितलं, की कागदावर डाग नाही म्हणजे तेल खरं, असं अजिबात नाही. कारखान्यात बनवलेला वास कागदावरून तसाच उडतो. तो पकडायला प्रयोगशाळा लागते. पण जे कागदाच्या परीक्षेलाही उतरत नाही, ते तिथपर्यंत न्यायची गरजच नाही.

"रसायन नाही म्हणजे नाही," थोरली पाकिटावरचं वाचत म्हणाली. "हे कोणी लिहिलं?"

"मी," धाकटी म्हणाली. "त्यांनी सांगितलं ते मी लिहिलं."

दुसऱ्या दिवशी दोघी बाजारात गेल्या. जावईबापू माल कुठून आणतो, ते धाकटीला माहीत होतं. ती लांबलचक अरुंद गल्ली होती. दोन्ही बाजूंना उघडी पोती, पोत्यांवर पत्र्याचे डबे, हवेत इतकी पूड की प्रत्येक दुकानदार शिंकल्याशिवाय भाव सांगत नव्हता. मोकळ्या पोत्यांवर ऊन पडत होतं. ते बघून थोरली म्हणाली, की उन्हात आठवडाभर राहिलेलं पान खरं असलं तरी त्यात राम उरत नाही.

ज्या व्यापाऱ्याकडे त्यांना जायचं होतं, तो जाडजूड, हसरा आणि अत्यंत सौजन्यशील होता. त्यानं बसायला स्टूल दिलं. धाकटीनं आपणही पाकिटं भरायचा धंदा सुरू करतोय असं सांगितलं. त्यानं न विचारताच तीन डबे पुढं केले.

"ही पानाची. ही मधली. आणि ही अर्ध्या तासाची."

"अर्ध्या तासाची म्हणजे?" धाकटीनं विचारलं.

व्यापाऱ्यानं तिच्याकडे कौतुकानं बघितलं, जसं नवशिक्याकडे बघतात. गिऱ्हाईकाला काळं पाहिजे, लगेच पाहिजे आणि पाकिटावर पान पाहिजे, असं त्यानं समजावलं. तिन्ही गोष्टी एकत्र निसर्ग देत नाही, म्हणून आम्ही देतो. थोरलीनं त्यात काय घालता ते विचारलं, तेव्हा तो म्हणाला की ते आमच्याकडे तयार येतं, आम्ही फक्त मिसळतो. कोणाला त्रास झाला तर? तो म्हणाला की आपण डोक्याला लावा असं कोणाला सांगत नाही, आपण पावडर विकतो. त्याच्या आवाजात लाज तर सोडाच, घाईसुद्धा नव्हती.

थोरलीनं पानाच्या डब्यात हात घातला. चिमूट तळहातावर घेऊन थुंकीनं ओली केली, वास घेतला. ती खरी होती. एकाच छपराखाली, एकाच माणसाच्या हाताखाली चांगला माल आणि विष शेजारी शेजारी मांडलेलं होतं, आणि निवडायला लोक येत होते.

धाकटीला अजून एक आशा होती. नवऱ्याला फसवलं गेलं असेल. तिनं आपल्या ब्रँडचं नाव घेतलं आणि ते लोक कुठली मेंदी नेतात, असं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"ते साहेब?" व्यापारी म्हणाला. "सुरुवातीला पानाची नेली त्यांनी. परत आले, म्हणाले गिऱ्हाईक तक्रार करतं, रंग चढत नाही. मी तिन्ही दाखवल्या. आता ते अर्ध्या तासाचीच नेतात. समजून उमजून नेतात, ताई. हुशार माणूस आहे."

धाकटी स्टुलावरून उठली. तिनं तिन्ही डब्यांतली थोडी थोडी पूड विकत घेतली, प्रत्येकीवर काय लिहायचं ते व्यापाऱ्याकडून वदवून घेतलं. गल्लीच्या तोंडाशी येऊन ती म्हणाली, "आईकडे चल. आत्ता. त्यांना तिथंच बोलावते."

आईच्या घरी दुपारची वेळ होती. जावईबापू आला तो हसतमुखानं. त्यानं येताना फळं आणली होती. आईनं त्याच्यासाठी चांगली खुर्ची पुढं ओढली. टेबलावर थोरलीनं वाटेत दुकानातून आणलेली वाटी, पाणी आणि त्याच्याच पाकिटातली मेंदी मांडून ठेवली होती. ते बघितल्यावर त्याचं हसू थोडं आखडलं, पण त्यानं तोंड बंद ठेवलं नाही.

त्यानं बाईंची चौकशी केली. औषधाचा खर्च आपण करू म्हणाला. मग फोन काढून प्रयोगशाळेचा दाखला दाखवला, सगळं कसं तपासलेलं आहे म्हणून. थोरलीनं फोन हातात घेऊन दाखल्यावरचा बॅच क्रमांक वाचला आणि मग पाकिटावरचा वाचला. दाखला कुठल्यातरी दोन वर्षांपूर्वीच्या, दुसऱ्याच कुणाच्या मालाचा होता. तिनं फोन परत दिला.

"ताई, सगळे हेच विकतात," तो म्हणाला. "मी एकट्यानं खरी विकली तर आठवड्यात दुकान बंद. लोकांना काळं हवंय. मी लोकांना बदलू का?"

"लोकांना पान हवंय असं वाटतं म्हणून तर तुम्ही पान छापता," थोरली म्हणाली. "काळं विकायचं तर डब्यावर लिहून विका. त्याला कोण नाही म्हणतंय? तुम्ही त्यांना सांगता, कानामागं लावून बघायची गरज नाही, हे नैसर्गिक आहे. तेवढं एक वाक्य वाचून मीही बाईंना लावून बघितलं नाही."

आई मध्ये पडली. जावयाशी असं बोलतात का, शेजारच्या बाईसाठी घरात आग लावतेस का, असं ती थोरलीला बोलली. जावईबापूला त्यानं धीर आला. तो म्हणाला, की ॲलर्जी ही ज्याच्या त्याच्या शरीराची गोष्ट आहे, हजारांतल्या एखाद्याला होते, त्याच्यासाठी मालाला नावं ठेवायची का. हा माल इतका निर्धोक आहे की लहान मुलाला लावा.

धाकटी आतापर्यंत भिंतीला टेकून उभी होती. ती टेबलापाशी आली, पाकीट फाडलं, पूड वाटीत ओतली, पाणी घालून चमच्यानं कालवली. मग तिनं डावी बाही कोपरापर्यंत वर केली आणि हात टेबलावर ठेवला.

"लावा," ती नवऱ्याला म्हणाली.

"काय चाललंय हे?"

"निर्धोक आहे ना? मग लावा माझ्या हाताला. रात्रभर ठेवते."

तो हसला. कोणीच हसलं नाही. धाकटीनं चमचाभर लेप उचलला आणि स्वतःच हाताकडे नेला. त्या क्षणी तो खुर्चीवरून झटकन उठला आणि त्यानं तिचं मनगट धरलं. वाटी कलंडली. लेप टेबलावर सांडला आणि तो हातानं न पुसता आईच्या स्वयंपाकघरातलं फडकं घेऊन लांबून पुसू लागला, आपल्या बोटांना लागू नये म्हणून जपून.

 तो पुसत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं, की सगळे त्याच्या बोटांकडे बघताहेत.

"तुम्हाला माहीत होतं," धाकटी म्हणाली. "माझ्या हाताला नको, हे तुम्हाला माहीत होतं. बाईंच्या डोक्याला चाललं."

तो म्हणाला, की विषाची परीक्षा कशाला बघायची. त्याला बोलायचं होतं दुसरंच काहीतरी, पण हेच बोलून गेला. आई उठली. तिनं त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं, कचऱ्यात टाकलं, आणि आणलेली फळं पिशवीसकट त्याच्या खुर्चीजवळ ठेवली. तिनं त्याला एवढंच सांगितलं, की आता निघा.

त्या संध्याकाळी धाकटीनं दुकानात बसून ब्रँडच्या ऑनलाइन पानावर स्वतः लिहिलं. या मेंदीत रसायन आहे, ती वापरू नका, ज्यांनी घेतली त्यांनी पाकीट जपून ठेवा आणि अंगाला खाज, सूज, फोड आले तर डॉक्टरांना हे नाव सांगा, आणि पुढं रसायनाचं नाव. ‘रसायन नाही म्हणजे नाही’ हे वाक्य आपणच लिहिलं होतं, हेही तिनं लिहिलं. नवऱ्यानं फोनवर फोन केले. त्यानं पान बंद करायच्या आत ते शेकडो लोकांनी पुढं पाठवलं होतं.

उत्तरं आली. एका बाईनं आपल्या बहिणीच्या कपाळाचे फोटो पाठवले. एकानं पोलिसांत जाण्याची धमकी दिली. आणि बऱ्याच जणांनी विचारलं, की हीच मेंदी अजून कुठं मिळेल, कारण रंग फारच छान बसला होता. ते वाचून थोरलीनं फोन टेबलावर पालथा ठेवला. त्या वेळचा तिचा राग जावयावरच्या रागाहून मोठा होता, आणि तो कोणावर काढायचा ते तिला कळत नव्हतं.

धाकटी आईकडे राहायला आली. ती परत जाईल की नाही, हे थोरलीनं तिला विचारलं नाही. अन्न आणि औषध खात्याच्या कार्यालयात दोघींनी तक्रार दिली. तिथला अधिकारी आधी कंटाळलेला होता. मग धाकटीनं त्याच्यापुढं सीलबंद पाकिटं ठेवली, बाजारातल्या तिन्ही पुड्या ठेवल्या आणि व्यापाऱ्याचा पत्ता दिला. त्यानं सांगितलं, की तुम्ही आणलेले नमुने पुरावा म्हणून चालत नाहीत, आमचा माणूस स्वतः जाऊन नमुना घेईल, तो प्रयोगशाळेत जाईल, वेळ लागेल. थोरलीनं माणूस कधी जाणार ते विचारलं. त्याला तारीख सांगता येईना. ती समोरच्या बाकावर बसली आणि म्हणाली, की मग ठरेपर्यंत मी इथंच बसते. तिसऱ्या दिवशी माणूस गेला.

व्यापाऱ्याच्या दुकानातून तिसरा डबा जप्त झाला. त्याच्या शेजारच्या दुकानात तसा डबा अजून होताच. जावईबापूचा माल उचलला गेला, परवाना थांबला, खटला उभा राहिला.

शिंपीणबाईंची सूज उतरली. फोड वाळून खपल्या पडल्या आणि केस पूर्वीसारखे पांढरे वाढू लागले. त्यांनी पुन्हा यंत्र सुरू केलं. पण पावसाळी कोटाचं काळं अस्तर आठवडाभर शिवल्यावर बोटांच्या पेरांना चिरा पडल्या, आणि मग निळ्या गणवेशांच्या वेळीही तेच. डॉक्टरीणबाईंनी पाठीवर पट्ट्या लावून चाचणी केली आणि आधी वर्तवलेलं खरं ठरलं. बाईंनी गडद कापडाचं काम परत पाठवायला सुरुवात केली. शाळेचं कंत्राट दुसऱ्याकडे गेलं.

थोरली रोज जेवायच्या सुट्टीत त्यांच्याकडे जायची. कापून ठेवलेल्या फिक्या कापडांच्या घड्या घालायची, बटणं निवडायची. बाईंनी तिला एकदाही दोष दिला नव्हता, आणि तेच थोरलीला सोसवत नव्हतं. एका दुपारी एक गिऱ्हाईक काळा कोट घेऊन आलं. बाईंनी हात न लावता नाही म्हटलं. ते गेल्यावर थोरली म्हणाली, की बाई, एकदा तरी शिव्या घाला मला.

बाईंनी यंत्राचं चाक हातानं थांबवलं.

"इतके दिवस मी घाबरलेली होते," त्या म्हणाल्या. "माणूस घाबरलेलं असलं की राग येत नाही. डोळे राहिले, जीव राहिला, चला, असं वाटतं. आता हळूहळू चिडायला लागलेय. तुझ्यावर थोडी चिडलेय. तू मेंदी ओळखणारी बाई, आणि घरचं म्हणून डोळे मिटलेस. ते मी विसरणार नाही."

"नका विसरू," थोरली म्हणाली.

"खटल्याची तारीख कधी आहे?"

थोरलीनं सांगितलं. साक्षीला यायची सक्ती नाही, डॉक्टरांचा दाखला पुरेसा आहे, असं वकील म्हणाल्याचंही सांगितलं.

"दाखला काय बोलणार?" बाईंनी बोटांवरची मलमाची पट्टी सोडवली, पेरांच्या चिरा उजेडात धरून बघितल्या आणि पट्टी पुन्हा घट्ट बांधली. "मी येते. त्या व्यापाऱ्याला आणि तुमच्या जावयाला माझे हात बघू देत. तू फक्त मला तिथवर ने."

मग त्यांनी पायानं यंत्र सुरू केलं आणि पांढऱ्या कापडाची उरलेली शिवण पुरी केली.